दुकानाच्या जाहिरातीत आत किती जागा आहे तेही छापा

संपादक महोदय,

आपल्या छोट्या जाहिरातींत माटुंग्यातले गाळे भाड्याने देण्याचे मजकूर दर आठवड्याला असतात. ‘किंग्ज सर्कलजवळ, २४० चौ. फूट, १२ फूट दर्शनी, भरपूर वर्दळ, पार्किंगची सोय’ असाच साधारण मजकूर असतो. त्यातला एकही शब्द खोटा ठरवता येत नाही आणि एकावरही भिस्त ठेवता येत नाही. असा मजकूर आपण तपासल्याशिवाय छापू नये, असे माझे म्हणणे आहे.

आधी क्षेत्रफळ पाहू. समजा, वरच्या गाळ्यात टेप लावली आणि आतून साडेनऊ फूट बाय सोळा, म्हणजे १५२ चौरस फूट भरले. उरलेल्या ८८ पैकी ६० माळ्याचे, जिथे माल ठेवता येतो पण माणूस ताठ उभा राहू शकत नाही. बाकीचे भिंतींचे आणि सामायिक बोळाचे. मागितलेले भाडे महिना ४८ हजार असेल, तर जाहिरातीच्या हिशेबाने दर फुटाला २०० रुपये. पाय ठेवता येईल अशा जागेचा दर ३१६च्या आसपास जातो. नव्या प्रकल्पात गाळा विकत घेणाऱ्याला २०१६च्या रेरा कायद्याने कार्पेट क्षेत्राची व्याख्या तरी दिली. बाहेरच्या भिंती त्यात धरत नाहीत. भाड्याने घेणाऱ्याला तेवढाही आधार नाही. दोन्ही बाजूंनी मान्य केलेला आकडा हाच त्याचा आधार, आणि तो जाहिरातीतच बिघडलेला असतो.

दर्शनी रुंदीचेही तेच. माटुंग्याच्या जुन्या इमारतींच्या भिंती जाड. बाहेरून बारा फूट दिसणारा गाळा आत साडेनऊ भरतो. त्यातही एका कडेला इमारतीच्या मीटरची पेटी असली की शटर वर गेल्यावर मोकळे तोंड साडेसात फूटच उरते. गिऱ्हाईक रस्त्यावरून पाहते ते हे साडेसात फूट. शिवाय पायऱ्या किती आणि जोते रस्त्यापासून किती उंच, हे कोणीच लिहीत नाही. पावसाळ्यात गांधी मार्केट आणि किंग्ज सर्कलला पाणी कसे साचते, हे मुंबईकराला सांगायला नको. तिथे जोत्याची एक पायरी म्हणजे सगळ्यात खालच्या फळीवरचा माल.

वर्दळ हा तर निव्वळ दलालाचा शब्द आहे. स्टेशनकडून रुईया, पोदार, व्हीजेटीआयकडे सकाळी जाणारा लोंढा मोठा खरा, पण तो घड्याळ पाहत धावतो, थांबत नाही. मे महिन्यात तोही आटतो. संध्याकाळी फुलवाल्यांपाशी रेंगाळणारी, डोसा खाऊन शतपावली करणारी माणसे आकड्याने कमी असतील, पण ती दुकानात डोकावतात. एकाच रस्त्याच्या दोन पदपथांतही फरक असतो. म्हणून समोर उभे राहून पंधरा-पंधरा मिनिटे मोजावे: सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि एकदा रविवारी. आपल्या बाजूच्या पदपथावरून किती गेले आणि शेजारच्या दुकानात किती शिरले, हे वेगवेगळे लिहावे. दुसरा आकडाच कामाचा. घरमालकाला हे मोजणे जमत नसेल, तर त्याने ‘भरपूर’ लिहू नये.

पार्किंगबद्दल मात्र सरळ दिशाभूल होते. सहकारी सोसायटीच्या आवारातली सामायिक जागा सोसायटीची असते. स्टिल्टखालची पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले. लिव्ह अँड लायसन्सवर आलेला दुकानदार सोसायटीचा सभासद नसतो. त्यामुळे सोसायटीची लेखी परवानगी नसेल, तर मालकाने दाखवलेली ‘सोय’ वॉचमनच्या मर्जीवर चालते. अनेकदा ती सोय म्हणजे समोरचा सार्वजनिक रस्ता असतो, जो मालकाच्या देण्यातला नाहीच. आणि छोट्या दुकानाला मोटारीपेक्षा मालाचा टेम्पो कुठे आणि किती वाजता उभा राहील, याची माहिती जास्त लागते.

‘येऊन डोळ्यांनी पाहा ना, जाहिरातीवर का जाता?’ असे दलाल म्हणतात. पाहायला गेल्यावर दुसरे गिऱ्हाईक तयार असल्याचे सांगून टोकन आधी घेतात आणि मोजमाप राहून जाते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. पण जाहिरातीतले २४० तसेच करारात उतरले, तर नोंदणी होते ती त्याच आकड्याची.

आपण मजकूर असा मागावा: ‘माटुंगा पूर्व, तळमजला. आतून ९.५ x १६ फूट, माळा वेगळा ६० चौ. फूट. शटरचे मोकळे तोंड ७.५ फूट, दोन पायऱ्या. पार्किंग नाही, सकाळी टेम्पो लागतो.’ शब्द थोडे वाढतात, तर आपला दर शब्दावरच आहे.

– एक वाचक, माटुंगा