अशक्तपणा एक, आजार दोन

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात रुग्ण वाढले आणि ‘जीबीएस’ हे नाव घरोघरी पोहोचले. पण अचानक आलेला प्रत्येक अशक्तपणा जीबीएस नसतो.

समजा, वरवंडच्या एखाद्या शेतकऱ्याला जुलाब झाले. दोन आठवड्यांनी पायांना मुंग्या आल्या, पाय लटपटू लागले आणि चार दिवसांत हातही उचलेनात. गुडघ्याखाली हातोडी मारली तरी पाय उडत नाही. हा जीबीएस. शरीराचीच प्रतिकारशक्ती नसांवर हल्ला करते आणि मेंदूचा निरोप वाटेतच अडतो.

मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये नस शाबूत असते. निरोप स्नायूच्या दारापर्यंत येतो, पण तो घेणारी केंद्रे प्रतिपिंडांनी अडवलेली असतात. सकाळी बरे वाटते. संध्याकाळी पापणी पडते, एकाचे दोन दिसतात, घास चावताना जबडा थकतो. विश्रांतीने सुधारते. मुंग्या नसतात, पायही उडतो.

निदान चुकले तर उपचार चुकतात. मायस्थेनियात उपयोगी पडणाऱ्या स्टेरॉइड गोळ्यांचा जीबीएसमध्ये फायदा होत नाही. काही प्रतिजैविके मायस्थेनिया बळावतात.

धोका मात्र दोन्हींत एकच: श्वासाचे स्नायू थकणे. बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ठीक दिसत असतानाही तो वाढत असू शकतो. रुग्णाला एका श्वासात वीसपर्यंत मोजता येत नसेल किंवा पाणी पिताना ठसका लागत असेल, तर सकाळची वाट न पाहता व्हेंटिलेटर असलेले रुग्णालय गाठावे.