फोटोतले गाव ओळखायचे तर कुंपण पाहा

हिरवे उतार, वर उतरलेले ढग आणि मधोमध दगडी कुंपणांचे जाळे. असा एखादा फोटो ‘पावसाळ्यातले आपले कोकण’ म्हणून मोबाइलवर फिरू लागला की पाहणारे गवत पाहतात, ढग पाहतात, आणि पुढे पाठवतात. गवत तर आयर्लंडमध्येही तितकेच हिरवे असते. पाहायला हवे ते कुंपण. कोकणातला गडगा बहुधा जांभ्याचा असतो, म्हणजे तांबूस आणि भोकाभोकांचा. फोटोतला दगड पांढरट राखाडी असेल, तर शंका तिथेच यायला हवी.

याचे कारण अगदी साधे आहे. दगड जड असतो, आणि शेताला भिंत घालणारा शेतकरी तो लांबून आणत नाही. रान साफ करताना निघालेला किंवा जवळच्या खाणीतला दगडच तो रचतो. त्यामुळे जुनी शेतभिंत म्हणजे त्या जमिनीखालचा खडकच, फक्त उभा केलेला. घराचा रंग, गायीची जात, शेतातले पीक हे सगळे बाहेरून येऊ शकते. भिंत सहसा येत नाही.

मात्र नुसत्या रंगावर थांबले तर फसगत होते. चुनखडीच्या राखाडी भिंती आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील अ‍ॅरन बेटांवर आहेत, तशाच उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशायर डेल्समध्येही आहेत. इथे फोटो मोठा करून भिंतीची रचना पाहावी लागते. यॉर्कशायरची भिंत दुहेरी असते. दोन बाजूंनी दगडांचे थर आतल्या अंगाला किंचित कलते चढवतात, मधल्या पोकळीत बारीक दगड भरतात, मध्ये मध्ये आरपार जाणारे लांब दगड घालून दोन्ही बाजू बांधतात आणि माथ्यावर दगडांची एक रांग बसवतात. अशा भिंतीतून पलीकडचे दिसत नाही. अ‍ॅरनवर अनेक भिंती एकेरी असतात. एकावर एक ठेवलेल्या दगडांच्या फटींतून आभाळ दिसते. ही कामचुकारी नव्हे. अटलांटिकचा वारा फटींतून निघून जातो आणि भिंतीवर त्याचा पूर्ण जोर पडत नाही.

दुसरी खूण फाटकाची, किंवा ते नसण्याची. अ‍ॅरनवर झाडे फारशी नाहीत, त्यामुळे लाकूड कायमच दुर्मीळ. गुरे आत-बाहेर करायची तर भिंतीचा ठरावीक तुकडा उतरवायचा आणि गुरे गेली की दगड पुन्हा रचायचे, ही तिथली जुनी रीत. म्हणून लहान लहान शेते, चारही बाजूंनी भिंत आणि वाट कुठेच नाही, असे दृश्य दिसले की संशय अ‍ॅरनकडे वळतो. डेल्समध्ये याउलट शेताच्या मध्यावर दगडी गोठा उभा दिसतो, आणि डोंगरावर सरळ रेषेत चढत गेलेल्या भिंती दिसतात. या सरळ रेषा बहुतांशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या, सामाईक राने कायद्याने वाटून दिली त्या काळच्या. खोऱ्याच्या तळाशी असलेली वाकडीतिकडी शेते बहुधा त्याहून जुनी.

स्थानिक खडक कुंपणाला कसा आकार देतो, याचे ठसठशीत उदाहरण स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला केथनेसमध्ये आहे. तिथला खडक पातळ फरशांसारखा सुटतो. म्हणून शेताच्या कडेला भिंत नव्हे, तर उभ्या फरशांची रांगच रोवलेली दिसते. उलट इंग्लंडच्या मध्यभागातील चिकणमातीच्या प्रदेशात दगडच कमी, म्हणून काटेरी हॉथॉर्नची झुडपे लावली गेली. अशी झुडपी कुंपणे मात्र खूण म्हणून कच्ची. ती इतक्या ठिकाणी आहेत की त्यांवरून नेमका भाग सांगणे धाडसाचे ठरते.

लोखंडी फाटकावर तर मुळीच विसंबू नये. जस्ताचा मुलामा दिलेली तयार फाटके आता सर्वत्र सारखीच असतात. तारेच्या कुंपणाचेही तेच. फाटकाशेजारचा जुना दगडी खांब मात्र बघण्यासारखा, कारण फाटक बदलले तरी खांब अनेकदा तोच राहतो. पावसाने भिजलेला दगड गडद दिसतो, शेवाळाने रंग झाकतो, संध्याकाळच्या उन्हात राखाडी दगडही तांबूस भासतो. त्यामुळे रंगाचा निर्णय एकाच दगडावरून न घेता नुकत्याच ढासळलेल्या जागी, दगडाची ताजी बाजू दिसते तिथे घ्यावा. भिंतीत सिमेंट दिसले, तर ती अलीकडची आणि तिचा दगड कुठूनही आलेला असू शकतो.

हे सगळे पाहूनही उत्तराला मर्यादा आहे. अ‍ॅरन बेटे आणि समोरच्या किनाऱ्यावरचा बरेन हा प्रदेश एकाच चुनखडीचा. समुद्र किंवा रस्त्याची पाटी चौकटीत नसेल, तर निव्वळ भिंतीवरून या दोन्हींत फरक करणे अवघड. अशा फोटोखाली बेटाचे नाव ठोकून देण्यापेक्षा ‘पश्चिम आयर्लंडमधील चुनखडीचा भाग’ एवढेच लिहिणे योग्य. कोकण तर नक्कीच नाही.