नापासाची उत्तरपत्रिका

दहावीत गणितात नापास झालेल्या मुलास घरची मंडळी बहुधा एकच सांगतात, “पहिल्या पानापासून पुन्हा अभ्यास कर.” हा सल्ला आम्हांस पटत नाही. बेळगावकडील मुलांना त्याच वर्षी पुन्हा परीक्षेस बसता येते खरे. परंतु मध्ये आठवडे थोडेच मिळतात.

म्हणून प्रथम मंडळाकडे शुल्क भरून आपल्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवावी. ती पाहणे मुलाच्या जिवावर येते, हे आम्ही जाणतो. आईने किंवा बापाने शेजारी बसावे. बोलू मात्र नये. गेलेल्या प्रत्येक गुणापुढे मुलाने स्वतः लिहावे : रीत ठाऊक नव्हती, ठाऊक असून चुकली, की वेळच पुरला नाही?

समजा, ३, ७, ११ या श्रेढीचे दहावे पद काढताना त्याने तिनात चार दहा वेळा मिळवून ४३ लिहिले. पहिले पद तर हाती असतेच. चार नऊ वेळाच मिळवायचे, म्हणजे उत्तर ३९. एवढ्यासाठी सारे प्रकरण पुन्हा वाचण्याचे कारण नाही.

सोडवलेले उदाहरण नुसते वाचले की ‘समजले’ असे वाटते. ते वाटणे फसवे असते. दोन दिवसांनी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर निराळे गणित करावे. ५, ८, ११ या श्रेढीचे विसावे पद ६२ आले, तर चूक सुटली. ६५ आले, तर त्याच दिवशी कागद घेऊन गुरुजींकडे जावे.