स्किनकेअर ब्रँड सगळे सारखेच का दिसतात?

इमेज टूलला फक्त 'नैसर्गिक, सौम्य, प्रामाणिक' एवढंच सांगितलं, तर बहुतेकदा बेज पार्श्वभूमी, हिरवं पान आणि दगडावरची बाटली मिळते. विशेषणाला स्वतःचं रूप नसतं, म्हणून टूल सर्वात सरधोपट चित्र उचलतं.

त्यामुळे प्रत्येक शब्द डोळ्यांना दिसेल अशा गोष्टीत बदला. समजा, कोकम बटरचं क्रीम आहे. 'नैसर्गिक' म्हणजे उन्हात वाळणारी कोकमं, त्यांचा गडद लालसर जांभळा रंग. 'सौम्य' म्हणजे पडद्यातून झिरपणारा उजेड. 'प्रामाणिक' म्हणजे डाग न पुसलेली त्वचा. मिडजर्नीत शेवटी `--no leaves, marble, beige` जोडा.

आता ब्रँडचं नाव झाकून पाहा. मूडबोर्ड कुठल्याही क्रीमला चालत असेल, तर एखादा शब्द अजून विशेषणच राहिलाय.