ऑफर लेटरचं चौथं पान कोण वाचणार?



आपल्या वस्तीतली मुलगी जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झाली आणि तिला नोकरी लागली की आपण अभिनंदनाचा फलक लावतो. लावायलाच हवा. शिष्यवृत्तीचे हप्ते वर्षवर्ष रखडत असताना, हॉस्टेलच्या मेसचे पैसे उधार ठेवून ती शिकलेली असते. पण त्या फलकावर पगाराचा आकडा येतो, बॉण्डचा येत नाही. ऑफर लेटरचं पहिलं पान घरभर फिरतं आणि चौथं पान कोणी उघडत नाही. दर रविवारी विहारात आम्ही मुलामुलींचे अर्ज भरायला बसतो, तिथे गेल्या काही वर्षांत नर्सिंगच्या नोकऱ्यांची इतकी पत्रं पाहिली की आता एक गोष्ट ठामपणे म्हणता येते. नर्सची नोकरी मासिक पगारावरून तोलणं ही फसगतीची पहिली पायरी आहे.

एक उदाहरण घेऊ. जीएनएम झालेली एक मुलगी वडिलांबरोबर दोन पत्रं घेऊन आली. पहिलं पत्र मोठ्या शहरातल्या दीडशे खाटांच्या खासगी रुग्णालयाचं, पगार 24,000. दुसरं जिल्ह्याच्या गावातल्या साठ खाटांच्या रुग्णालयाचं, पगार 19,000. वडिलांचा निर्णय झालेला होता. "दादा, पाच हजारांचा फरक आहे, विचारायचं काय त्यात?" आम्ही म्हटलं, बाबा, चहा घ्या, आपण आधी तास मोजू.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, 'रुग्णालयाच्या गरजेनुसार बारा तासांची ड्युटी, आठवड्याला एक सुट्टी.' महिन्याचे 26 दिवस धरले तर 312 तास होतात. दुसरीकडे आठ तासांच्या पाळ्या होत्या, म्हणजे 208 तास. भागाकार केला तर मोठ्या रुग्णालयात तासाला 77 रुपये पडतात आणि छोट्यात 91. कामाचे 104 तास वाढवून ते पाच हजार दिलेले होते. बारा तास गुणिले सहा दिवस म्हणजे आठवड्याचे 72 तास. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना 1946 मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याची मर्यादा 54 तासांवरून 48 वर आली. रुग्णालय हा कारखाना नाही, तो कायदा जसाच्या तसा इथे लागत नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण जयंतीच्या भाषणात आठ तासांचं श्रेय सांगणाऱ्या आपण आपल्याच मुलीला 72 तासांच्या कागदावर सही करायला पाठवतो, तेव्हा निदान तो आकडा आपल्याला माहीत असावा.

पाळ्यांच्या बाबतीत आणखी एक विचारायचं असतं. नाइट सलग किती आणि नाइटनंतर सुट्टी किती? अनेक ठिकाणी सकाळ आणि दुपार सहा-सहा तासांची आणि नाइट बारा तासांची असते. नाइटनंतर मोकळा दिवस मिळत असेल तर ही पद्धत चालते. पण रिलिव्हर आली नाही म्हणून सकाळची पाळीही करायला लावतात का, त्या डबल ड्युटीचे पैसे मिळतात की 'नंतर ऑफ घे' असं तोंडी सांगतात, हे पत्रात कधीच नसतं. ते तिथल्या सिस्टरच सांगू शकतात.

आता रुग्णांमागे नर्स किती, हा प्रश्न. सगळ्यात मोठी हातचलाखी इथेच होते. सर्वसाधारण वॉर्डात सहा रुग्णांमागे एक नर्स आणि अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे एक नर्स, हे आपल्याकडे नेहमी सांगितलं जाणारं माप. हे माप प्रत्येक पाळीचं आहे. मुलाखतीत मात्र सांगतात, "आमच्याकडे तीस खाटांना दहा नर्स, एकास तीन!" ऐकायला झकास. पण त्या दहा जणी रोस्टरवरच्या आहेत, वॉर्डात उभ्या असलेल्या नाहीत. दहापैकी रोज एक-दोघी साप्ताहिक सुट्टीवर, एखादी रजेवर किंवा नाइट संपवून घरी गेलेली. उरल्या सात. त्यातल्या तीन सकाळी, दोन दुपारी, दोन रात्री. म्हणजे रात्री एकीकडे पंधरा रुग्ण. कागदावरचा एकास तीन रात्री दोन वाजता एकास पंधरा होतो.

तीस खाटांच्या वॉर्डात खरोखर एकास सहा ठेवायचं असेल तर दर पाळीला पाच, तीन पाळ्यांना पंधरा आणि सुट्ट्या-रजा भरून काढायला आणखी चार-पाच, अशा जवळपास वीस नर्स रोस्टरवर हव्यात. म्हणून आम्ही मुलींना सांगतो, 'रेशो काय आहे' असं विचारूच नका. विचारा, "काल रात्री या वॉर्डात पेशंट किती होते आणि सिस्टर किती होत्या?" आणि त्या किती होत्या हे मोजताना विद्यार्थिनी धरल्या आहेत का, तेही विचारा. जिथे स्वतःचं नर्सिंग कॉलेज आहे तिथे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुली वॉर्डात उभ्या करून संख्या भरलेली दिसते. मावशी आणि मामा पुरेसे नसतील तर ट्रॉली ढकलणं आणि औषध दुकानातून सामान आणणंही नर्सच्याच गळ्यात पडतं. तेवढा वेळ पंधरा रुग्णांकडे बघायला कोणीच नसतं. अशा रात्री इंजेक्शनची चूक झाली तर चौकशी रोस्टर लावणाऱ्याची होत नाही, ती सही करणाऱ्या सिस्टरची होते. आणि त्या सिस्टरचं आडनाव काय आहे यावर चौकशीचा सूर कसा बदलतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

हे सगळं कळायला सोपा मार्ग आहे. संध्याकाळी पाळी बदलायच्या वेळी रुग्णालयाच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास थांबायचं. बाहेर पडणाऱ्या सिस्टर दमलेल्या असतात, पण खरं बोलतात. त्या मुलीचे वडील आमच्या आग्रहाखातर शहरात जाऊन आले. त्यांना कळलं की त्या वॉर्डातल्या निम्म्याहून जास्त सिस्टर सहा महिन्यांच्या आतल्या आहेत. जुन्या का टिकत नाहीत, याचं उत्तर त्यांना मग वेगळं विचारावं लागलं नाही.

टिकत नाहीत म्हणूनच बॉण्ड असतो. चौथ्या पानावर होतं : दोन वर्षांचा बॉण्ड, आधी सोडल्यास 'प्रशिक्षण खर्चापोटी' एक लाख रुपये, मूळ प्रमाणपत्रं रुग्णालयाकडे जमा, आणि वडिलांच्या सहीचा एक कोरा चेक. शिवाय दोन वर्षं मोजायची ती सहा महिन्यांची परिविक्षा संपल्यावर, म्हणजे प्रत्यक्षात अडीच वर्षं. रुग्णालयाला मात्र एका महिन्याच्या नोटिशीवर तिला काढता येणार होतं.

आपल्या सभांमध्ये काही मंडळी छातीठोक सांगतात की बॉण्ड बेकायदाच असतो, करा सही, काही होत नाही. हे चूक आहे. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून दोन लाख घेण्याची अट वैध ठरवली. ती सार्वजनिक बँक होती, भरतीचा खर्च मोठा होता, हे खरं. पण 'सगळे बॉण्ड रद्द' हे वाक्य त्यानंतर कोणी बोलू नये. आपल्या बाजूला आहे ते करार कायद्याचं कलम 74. करारात रक्कम कितीही लिहिली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा. म्हणून प्रश्न असा विचारायचा की एक लाखाचं प्रशिक्षण नेमकं कुठलं? या पत्रात ते तीन दिवसांचं इंडक्शन होतं.

पण खरी भीती बॉण्डची नाही, कोऱ्या चेकची आहे. बॉण्डसाठी रुग्णालयाला दिवाणी दावा लावावा लागतो, नुकसान दाखवावं लागतं. चेक वटला नाही तर कलम 138 खाली फौजदारी तक्रार होते, आणि सही केलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला एवढ्यावर सुटका होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. शेतमजूर बापाला कोर्टाची तारीख लागेल या धाकानेच मुलगी अडीच वर्षं बारा तास उभी राहते. ओरिजिनल अडकवणं हाही तसाच धाक. आमचं मत स्पष्ट आहे. बॉण्डच्या रकमेवर घासाघीस करता येते, पण कोरा चेक आणि ओरिजिनल या दोन गोष्टींना नाहीच म्हणायचं, पगार कितीही असो. मूळ कागद दाखवायचे, साक्षांकित प्रती द्यायच्या, परत यायचं.

आपल्या मुलींसाठी यात आणखी एक पेच आहे. खासगी रुग्णालयात आरक्षण नाही, सरकारी भरतीत आहे. एम्सच्या नॉरसेट परीक्षेला जीएनएमवाल्यांना किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून तीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये पाच वर्षं घालवलेल्या मुलीही तिथे अपात्र ठरतात. साठ खाटांचं रुग्णालय चालतं. पण निवड झाली आणि बॉण्डमुळे सोडता येत नाही, किंवा अनुभवाचा दाखला अडवला, तर सगळं व्यर्थ. 'सरकारी सेवेत निवड झाल्यास बॉण्ड लागू होणार नाही' ही एक ओळ लिहून मागायची. आम्ही मागितली आहे. काही ठिकाणी मिळाली, काही ठिकाणी मेट्रन मॅडम हसल्या.

प्रशिक्षणाबद्दल फार बोलण्यासारखं नाही, कारण बहुतेक पत्रांत तो शब्द शोभेचा असतो. दोन गोष्टी तपासाव्यात. पहिले काही आठवडे नवी नर्स जुन्या सिस्टरबरोबर जादा म्हणून असते, की दुसऱ्या दिवसापासून तिला मोजणीत धरतात? आणि बीएलएससारख्या कोर्सची फी कोण भरतं, त्या दिवसाची ड्युटी धरतात का?

त्या मुलीने 19,000 ची नोकरी घेतली. तिथे एक वर्षाचा बॉण्ड होता, रक्कम एका महिन्याचा पगार. चेक मागितला होता, तिने नकार दिला, त्यांनी आग्रह धरला नाही. रात्री वॉर्डात वीस रुग्णांना दोन सिस्टर असतात. एकास दहा. चांगलं नाहीच, पण जे आहे ते त्यांनी आधी खरं सांगितलं.

आणि तरीही हा पगार कमीच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने म्हटलं होतं की 50 ते 100 खाटांच्या खासगी रुग्णालयात नर्सचा पगार राज्य सरकारच्या नर्सपेक्षा 25 टक्क्यांहून जास्त कमी नसावा, आणि 100 खाटांवर 10 टक्क्यांहून. महाराष्ट्रात सरकारी स्टाफ नर्सचं मूळ वेतन 35,400 पासून सुरू होतं. भत्ते सोडले तरी तिला 26,550 मिळायला हवेत आणि शहरातल्या रुग्णालयाने 31,860 द्यायला हवे होते. दोघांनीही दिलेले नाहीत. ती शिफारस आहे, राज्याने तिचा कायदा केल्याशिवाय एकटी नर्स तिच्या जोरावर वसुली करू शकत नाही. इथे मुलीचं काम संपतं आणि संघटनांचं सुरू होतं. येत्या महिन्यात आम्ही जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांची ऑफर लेटरं जमवतो आहोत. नाव झाकून, फक्त खाटा, तास, पगार आणि बॉण्ड. तुमच्या तालुक्यातल्या सिस्टरकडे असेल तर चौथ्या पानासकट पाठवा.