चुकीचा पर्याय का चुकला, हेही लिहा

वाणिज्य शाखेच्या एका अनुभवी शिक्षकांचे म्हणणे असे : बहुपर्यायी प्रश्नाच्या उत्तरसूचीत अचूक पर्याय आणि त्याचे गणित दिले की काम संपले. चुकीच्या पर्यायांची चर्चा केली तर पुस्तक फुगते, मुले आळशी होतात आणि नको तेच डोक्यात बसते. शिवाय बरोबर गणित कळले की चूक आपोआप कळते.

हे ‘आपोआप’ मला मुळीच पटत नाही. बारावीचे एक समायोजन घ्या. तेरीज पत्रकात ऋणको 60,000 रुपये आणि बुडीत कर्ज 1,000 रुपये. समायोजनात आणखी 2,000 रुपये बुडवायचे आणि ऋणकोंवर 5 टक्के संशयित कर्ज निधी करायचा. नवा निधी किती? पर्याय : 3,000, 2,900, 2,850, 4,900. उत्तर 2,900, म्हणजे 58,000 चे 5 टक्के. सूची इथेच थांबते.

आता 2,850 लिहिणाऱ्या मुलीचे काय? तिने तेरीज पत्रकातले 1,000 ही वजा केले आणि 57,000 वर निधी काढला. बुडीत कर्ज तेरीज पत्रकात आले, म्हणजे ते ऋणकोंतून आधीच वजा झाले आहे, हे तिला ठाऊक नाही. सूचीतले 58,000 पाहून ती ‘वजाबाकी चुकली’ असे समजते आणि पुढच्या गणितात पुन्हा तेच करते. 3,000 लिहिणारा वेगळा : त्याने नवे बुडीत कर्ज वजाच केले नाही. 4,900 लिहिणाऱ्याचा आकडा तर खोटाही नाही. ताळेबंदात ऋणकोंतून एकूण तेवढेच वजा होतात. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही, एवढेच. तीन मुले, तीन वेगळे रोग, आणि औषध म्हणून सगळ्यांना एकच ‘ब’!

तेरीज पत्रक जुळले की हिशेब बरोबर, हा जुना वादही याच जातीचा. यंत्रखरेदी यंत्र खात्याऐवजी खरेदी खात्याला नावे टाकली तरी तेरीज पत्रक जुळतेच. बेरीज जुळली एवढ्यावर समाधान मानणारे तेव्हाही होते.

पुस्तक फुगते? तीन ओळींनी फुगत नाही. आळस? चूक शोधणे हा आळस नव्हे. चुकीचे डोक्यात बसते? ते आधीच बसलेले असते.

कसे लिहावे, तेही सांगतो. प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे तो आकडा कोणत्या पायरीने येतो ते एका वाक्यात लिहावे. ‘हा पर्याय अयोग्य आहे’ हे स्पष्टीकरण नव्हे. आणि जो आकडा कोणत्याच चुकीने निघत नाही, तो प्रश्नातूनच काढावा. त्याने काहीच तपासले जात नाही.

भूम-परंड्याच्या खेड्यात संध्याकाळी एकट्याने सराव करणाऱ्या मुलाला शंका विचारायला शेजारी सर नसतात. धाराशिवच्या शिक्षकांनी यंदाच्या सराव प्रश्नसंचात निदान समायोजनांच्या प्रश्नांना तरी ही तीन वाक्ये जोडावीत.