पहिला आकडा कोणाचा?

खासगी कंपनीत मुलाखतीस गेलेल्या उमेदवाराला बहुधा एक प्रश्न विचारला जातो : "सध्या किती पगार मिळतो?" प्रश्न साधा, माहितीपुरता वाटतो. परंतु पुढील सारी बोलणी त्याच्या उत्तराभोवती फिरतात. आपल्या शाळेतून बाहेर पडणारी अनेक मुले घराण्यातील पहिलीच पगारदार असतात. पगाराची बोलणी कशी करावीत, हे सांगणारे घरात कोणी नसते. म्हणून या प्रश्नामागील मानसशास्त्र त्यांच्यापर्यंत पोहोचावे, असे मला वाटते.

जहाज नांगर टाकते, तेव्हा ते फार तर साखळीच्या लांबीइतकेच हलू शकते. अंदाज बांधताना मनाचेही तसेच होते. जो आकडा आधी कानावर पडतो, त्याच्या आसपासच मन घुटमळते. अमोस ट्व्हर्स्की व डॅनियल कानेमन यांनी १९७४ साली हा परिणाम मांडला. त्याला इंग्रजीत 'अँकरिंग' म्हणतात.

हा भोळ्या माणसांचा दोष नव्हे. जर्मनीत मुसवायलर, स्ट्रॅक व फायफर या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. एक जुनी ओपेल मोटार घेऊन संशोधक अनुभवी मेकॅनिक व मोटारविक्रेत्यांकडे गेला आणि तिची किंमत विचारली. विचारताना काहींपुढे तो सहज म्हणे, "माझ्या मते २८०० मार्क असावी", इतरांपुढे म्हणे, "५००० असावी." मोटार तीच, समोर उभी, तपासणारे जाणकार. तरीही दोन्ही गटांच्या सरासरी अंदाजांत सुमारे हजार मार्कांचे अंतर पडले.

असे का व्हावे? ५००० हा आकडा ऐकला की मन त्याला जुळणाऱ्या गोष्टी आधी शोधते : इंजिन चांगले आहे, पत्रा शाबूत आहे. २८०० ऐकले की गंज आणि झिजलेले टायर आठवतात. दोन्ही बाजूंच्या गोष्टी खऱ्याच असतात; फक्त त्यांची निवड त्या आकड्याने केलेली असते. म्हणूनच आपला अंदाज आपल्याला स्वतंत्र आणि सप्रमाण वाटतो.

जाणीव अपुरी का पडते, तेही येथेच उलगडते. १९९६ साली टिमोथी विल्सन व सहकाऱ्यांनी काही प्रयोगांत लोकांना या परिणामाची पूर्वसूचना देऊन पाहिली. तरी परिणाम नाहीसा झाला नाही. आपण सावध आहोत, एवढ्याने मनात आलेली कारणे बदलत नाहीत. आकड्यापासून थोडे सरकलो की पुरेसे सरकलो असे वाटते.

आता पगाराचे गणित करू. समजा, एका मुलीला सध्या १५,००० रुपये मिळतात आणि नव्या जागेच्या कामाचा बाजारभाव २५,००० आहे. तिने १५,००० सांगताच कंपनी "तीस टक्के वाढ" देऊ करते. १९,५०० हा आकडा तिला उदार वाटतो, कारण तुलना १५,०००शी होते. प्रत्यक्षात ती महिना ५,५०० रुपयांनी कमी पगारावर रुजू होते. दरवर्षी दहा टक्के वाढ धरली, तर चार वाढींनंतर हेच अंतर ८,०००च्या पुढे जाते. पुढच्या मुलाखतीत पुन्हा तोच प्रश्न येतो आणि जुना तोटा नव्या नोकरीतही तिच्यामागे येतो.

यावर उपाय आहे, पण तो नुसत्या सावधगिरीहून अधिक कष्टाचा आहे. वरील मोटारीच्या प्रयोगात काही जाणकारांना "या किमतीच्या विरोधात काय सांगता येईल?" असेही विचारले होते. त्यांनी कारणे सांगितल्यावर हजार मार्कांचे अंतर साडेतीनशेच्या आसपास आले. कमी झाले, संपले नाही. तेव्हा मुलाखतीपूर्वी त्याच कामावरील तिघाचौघांना पगार विचारावा आणि आपला अपेक्षित व किमान आकडा कागदावर लिहावा. शक्य तर आपला आकडा, त्याच्या कारणांसह, प्रथम मांडावा. समोरून आकडा आलाच, तर तो का चूक आहे याची तीन कारणे मनाशी काढल्याशिवाय उत्तर देऊ नये. जमीन किंवा जुनी गाडी घेतानाही हाच क्रम ठेवावा.

तथापि सारा भार उमेदवाराच्या मनोबलावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही. सरकारी जाहिरातीत वेतनश्रेणी छापलेली असते. तेथे पहिला आकडा पदाचा असतो, उमेदवाराच्या जुन्या गरजेचा नव्हे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१८पासून मालकांना उमेदवाराचा पूर्वीचा पगार विचारण्यास कायद्याने मनाई केली आहे. आपल्याकडील खासगी संस्थांनीही जाहिरातीत वेतनाची मर्यादा छापावी आणि मागचा पगार विचारू नये. आज अनेक माजी विद्यार्थी स्वतः नोकरभरतीच्या खुर्चीवर बसतात. निदान त्यांनी तरी समोरच्या उमेदवाराला हा प्रश्न विचारू नये.